तोंडी परंपरा आणि लिखित संपादन: पवित्र ग्रंथ घडतात कसे (सेमिनार पेपरचा आराखडा)

एम.ए. मराठी, बेळगाव. वेळ वीस मिनिटं, नंतर चर्चा.

मुद्दा आधीच सांगते. तोंडी म्हणजे बदलणारं आणि लिहिलेलं म्हणजे पक्कं, ही वाटणी टिकत नाही. पाठ शाबूत राहतो का नाही ते चूक कोण धरतंय आणि धरणाऱ्याचं ऐकलं जातं का यावर ठरतं, मग तो तोंडात असो नाहीतर पोथीत.

पहिला भाग वेदांचा, आणि इथंच जास्त वेळ घेणार. ऋग्वेदाची पहिलीच ऋचा, अग्निमीळे पुरोहितं यज्ञस्य, ती फळ्यावर लिहून दाखवणार. क्रमपाठात शब्दांच्या पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशा जोड्या म्हणतात, जटापाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, परत पहिला-दुसरा, आणि घनपाठात तिसरा शब्दही घेऊन असंच पुढं-मागं जातात, त्यामुळं एक शब्द जरी निसटला तरी शेजारच्याशी जोडी लागत नाही आणि समोर बसलेल्याला लगेच कळतं. पण मला त्याहून मोठी गोष्ट शाकल्याचा पदपाठ वाटते. संधी तोडून एकेक पद सुटं करायचं म्हणजे इथं असा शब्द आहे आणि तसा नाही हे ठरवायचं, हे सरळ सरळ संपादन झालं की, आणि तेही पाठांतराच्याच परंपरेत. म्हणजे संपादनाला लेखणी लागतेच असं नाही.

दुसरा भाग उलट्या बाजूनं, लिहिलेल्याला तोंडाची गरज कशी पडते. परंपरा सांगते की ६३३ च्या यमामाच्या लढाईत कुरआन पाठ असलेले बरेच जण पडले म्हणून पहिले खलिफा अबू बक्र यांनी झैद बिन साबित यांना संकलनाला बसवलं, पुढं तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात, साधारण ६५० च्या सुमारास, एक प्रत प्रमाण ठरली आणि बाकीच्या जाळायला लावल्या. पण त्या वेळच्या लिपीत सारखी दिसणारी अक्षरं वेगळी करणारे टिंब, म्हणजे नुक्ते, फारसे नव्हते, स्वरचिन्हं नव्हती, त्यामुळं नुसतं पान बघून वाचता येत नव्हतं, शिकवणारा पाहिजेच होता. पाली त्रिपिटकाची गोष्ट एका स्लाइडमध्ये आटपते: श्रीलंकेत इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात दुष्काळ आणि लढाया, त्रिपिटक तोंडपाठ म्हणणारे भिक्षू, म्हणजे भाणक, कमी व्हायला लागले, म्हणून लिहून घेतलं. दोन्हीकडे लिहायला लावलं ते म्हणणारी माणसं संपतील या भीतीनं.

तिसरा भाग आपला. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची, आणि शेवटच्या ओवीतच सांगितलंय की सच्चिदानंदबाबा लेखक होते. म्हणजे जन्मतःच बोललेलं आणि लिहिलेलं दोन्ही. तरी पुढं पाठ बिघडले आणि शके १५०६ मध्ये एकनाथांना शुद्ध करावी लागली, वर त्यांनी बजावलं की इथं कोणी आपली ओवी घातली तर त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. लोक ओव्या घालत असल्याशिवाय कोण कशाला असं बजावेल? तुकोबांची गाथा याच्या शेजारी ठेवणार, वह्या, लोकांच्या तोंडचे अभंग आणि नंतर १८६९ ते १८७३ मधली सरकारी छापील गाथा. आणि आपण बेळगावात बोलतोय तर लिंगायत संतांची, म्हणजे शरणांची वचनं सोडून चालणार नाही, बाराव्या शतकातली वचनं पंधराव्या शतकात अल्लमप्रभूंभोवती संवादासारखी रचली, तीच शून्यसंपादने, आणि तिच्याही एकापेक्षा जास्त आवृत्त्या झाल्या. कन्नड विभागाची मंडळी असतील, चर्चा इथं रंगावी अशी मनापासून इच्छा आहे.

चौथा भाग फील्डवर्कचा. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनात एका अभंगाच्या दुसऱ्या चरणात म्हणणाऱ्या काकांनी शब्द फिरवला, पखवाज चालूच होता, आणि मागच्या टाळकऱ्यांनी पुढच्या आवर्तनात जुना शब्दच जोरात म्हटला, काका काही न बोलता त्यावर आले. पुस्तक कोणी उघडलं नाही. उलट सप्ताहात पारायणाला वेगवेगळ्या छपाईच्या ज्ञानेश्वऱ्या घेऊन बसल्यावर एके ठिकाणी ओवी जुळेना, तेव्हा व्यासपीठावरचे महाराज म्हणाले ते सगळ्यांनी धरलं. निवाडा छापील पानानं केला नाही, बसलेल्या माणसांनी केला. रेकॉर्डिंग परवानगी घेऊन केलंय, ऐकवणार.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठी अडचण सौंदत्तीची आहे, ती लपवणार नाही. यल्लम्माच्या जोगतिणी चौंडक्यावर रेणुकेची कथा गातात, मराठीत पण आणि कन्नडात पण, तिथं शब्द बदलला म्हणून कोणी अडवत नाही, कथा मात्र ढळू देत नाहीत. म्हणजे तोंडी परंपराही एकाच जातीची नाही, काही शब्द राखतात, काही कथा. माझं मत असं की चूक कशाला म्हणायचं हेच तिथं वेगळं ठरलंय, म्हणून मुद्दा मोडत नाही. पण याच्यावर सरांनी आणि वर्गानं जोरात प्रश्न विचारावेत, मी शेवटची पाच मिनिटं त्यासाठीच राखून ठेवलीत.