आभाराचे पत्र: इयत्ता दुसरीसाठी दोन तासिकांचा पाठ

वर्ग: इयत्ता दुसरी, मराठी माध्यम, दादर. पट ३८.
वेळ: प्रत्येकी ३५ मिनिटांच्या दोन तासिका, शक्यतो लागोपाठच्या दोन दिवशी.
साहित्य: पत्राच्या सांगाड्याचा मोठा तक्ता, दोन रंगांचे खडू, प्रत्येक मुलाला दुरेघी वहीचे एक सुटे पान आणि एक कोरा कागद.

या पाठात मुलांनी एकच गोष्ट पक्की शिकायची आहे: आभार कशाचे, ते नेमके सांगता येणे. तारीख आणि मायना कुठे लिहायचा हे सातव्या वर्षी सवयीने येते. "तुम्ही खूप चांगले आहात, तुम्ही खूप मदत करता" एवढेच लिहिलेले पत्र मात्र कोणालाही देता येते, आणि म्हणून ते कोणाचेच नसते.

पहिली तासिका: लिहायचे नाही, बोलायचे

वह्या दप्तरातच राहू द्या. वही उघडली की मुले फळ्यावरचे उतरवू लागतात आणि बोलणे थांबते. विचारा: "या आठवड्यात तुझ्यासाठी कोणी काहीतरी केले. कोणी? काय केले?"

पहिली उत्तरे ठरलेली असतात: आईने जेवण दिले, बाईंनी शिकवले. ती नाकारू नका, पण तिथे थांबूही नका. तीन बोटे दाखवून पुढे विचारा. पहिले बोट: कधी आणि कुठे? दुसरे: त्यांनी नेमके काय केले? तिसरे: त्यामुळे तुझे काय झाले? "मावशींनी खिचडी दिली" यावर थांबलेले मूल तिसऱ्या बोटाला म्हणते, "माझा डबा घरी राहिला होता, मावशींनी दोनदा वाढले, म्हणून मला भूक लागली नाही." हेच पत्र आहे, फक्त अजून कागदावर आलेले नाही.

आता जोड्या करून ५ मिनिटे एकमेकांना तीन बोटांनी सांगू द्या. मुले बोलत असताना फळ्यावर माणसांची यादी करा: शाळेचे शिपाई काका, आहार वाढणाऱ्या मावशी, वर्ग झाडणाऱ्या ताई, सहलीला राणीच्या बागेत नेणारे बसचालक काका, जिना उतरताना हात धरणारा पाचवीतला दादा. पहिल्या पत्रासाठी आईबाबा नकोत. ते इतके काही करतात की मुलाला एक गोष्ट निवडता येत नाही, आणि पत्र "सगळ्यासाठी धन्यवाद"वर येऊन थांबते. प्रत्येकाने आपल्या माणसाचे नाव उद्यापर्यंत विचारून यायचे, एवढाच गृहपाठ.

शेवटच्या १० मिनिटांत हे नमुना पत्र फळ्यावर लिहून दोनदा वाचा.

> दादर, मुंबई
> १५ जुलै २०२५
>
> प्रिय रामदास काका,
> नमस्कार.
> काल शाळा सुटली तेव्हा खूप पाऊस पडत होता. फाटकाबाहेर पाणी साचले होते. माझी छत्री वाऱ्याने उलटी झाली. तुम्ही तुमची मोठी छत्री माझ्या डोक्यावर धरलीत आणि मला आईपर्यंत सोडलेत. माझी चित्रकलेची वही कोरडी राहिली. मी तुमचे खूप आभार मानते.
>
> तुमची,
> सई
> इयत्ता दुसरी

मग "तुम्ही तुमची मोठी छत्री" हे वाक्य पुसा आणि पत्र पुन्हा वाचा. मुले लगेच ओरडतात, "पण काकांनी काय केले?" ते वाक्य परत लिहा आणि आता वहीचे वाक्य पुसा. ही उणीव ओळखायला वेळ लागतो. थांबा, उत्तर सांगू नका.

दुसरी तासिका: सांगाडा आणि लेखन

नमुना पत्र पुसून टाका. ते फळ्यावर राहिले तर ३८ पत्रांत ३८ छत्र्या येतील. त्याजागी सांगाड्याचा तक्ता लावा. पत्र म्हणजे घर असे समजून वरून खाली वाचायचे:

उजवीकडे वर: गाव, त्याखाली तारीख
डावीकडे: प्रिय, माणसाचे नाव, स्वल्पविराम
त्याखाली: नमस्कार
मधली मोठी खोली: पहिल्या बोटाचे वाक्य, दुसऱ्या बोटाचे, तिसऱ्या बोटाचे
खोलीचे शेवटचे वाक्य: आभार
उजवीकडे खाली: तुमचा किंवा तुमची, त्याखाली आपले नाव, इयत्ता

मधली खोली दुसऱ्या रंगाच्या खडूने चौकटीत घ्या. मुलांचा वेळ तिथेच जायला हवा, म्हणून तारीख आणि गाव सगळ्यांनी एकदम, तुमच्याबरोबर लिहायचे. मग १५ मिनिटे शांतपणे लेखन. चार ते सहा वाक्ये पुरेत.

ज्याचे जोडाक्षरांवर अडते त्याने दोन वाक्ये लिहून कोऱ्या कागदावर चित्र काढावे. ज्याला अजून वाक्य लिहिता येत नाही त्याने वाक्य सांगावे, तुम्ही ते लिहून द्यावे आणि त्याने खाली उतरवावे. शब्द त्याचेच ठेवा. आपण सुधारून दिलेले सुबक वाक्य त्याला नंतर वाचताही येत नाही.

कुठे चुकते आणि का

सर्वांत जास्त गोंधळ "मानते" आणि "तुमची" यांत होतो. नमुना सईचा, म्हणून मुलगेही "आभार मानते, तुमची" लिहितात. लेखनापूर्वी एका मुलाला उभे करून त्याच्या तोंडून म्हणवून घ्या: "मी आभार मानतो. तुमचा." दोन्ही रूपे फळ्याच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी ठेवा.

घरी हिंदी बोलणारी मुले "तुम्ही छत्री दिला" लिहितात. लाल रेघ मारू नका, मोठ्याने वाचायला सांगा: ती छत्री, म्हणून दिली. "दिलीत"ऐवजी "दिली" लिहिले तर दुसरीत चालते. "होते"च्या जागी "होतं" लिहिले तरी चालते. "तू" मात्र बदलून घ्या, कारण हे पत्र मोठ्या माणसाच्या हातात जाणार आहे. पाचवीतल्या दादाला "तू" चालेल.

"धन्यवाद"चे "धनवाद" आणि "प्रिय"चे "प्रीय" बहुतेक पानांवर दिसेल. हे दोन शब्द फळ्यावर लिहून ठेवले की प्रश्न मिटतो. एका पत्रात तीनपेक्षा जास्त चुका दाखवू नका. पान लाल झाले की मूल पुढच्या वेळी येणारेच सोपे शब्द लिहिते, आणि दप्तर, फाटक, चित्रकला हे शब्द पत्रातून गायब होतात.

तपासणी आणि पाठवणी

मुलाने आपले पत्र शेजाऱ्याला वाचून दाखवायचे. शेजाऱ्याने तीनच प्रश्न विचारायचे: कोणाला? काय केले? मग काय झाले? एखाद्याचे उत्तर सापडले नाही तर ते वाक्य भरायचे, मगच पत्र सुट्या पानावर नीट उतरवायचे.

शाळेतल्या माणसाला पत्र मुलाने स्वतः, मधल्या सुट्टीत, हातात द्यावे. वर्गातर्फे गठ्ठा पाठवू नका. त्या माणसाला मराठी वाचता येत नसेल तर मुलानेच वाचून दाखवावे. हे आधी हलकेच विचारून ठेवा, म्हणजे कोणी अवघडणार नाही.

बसचालक काकांसारखे बाहेरचे कोणी असेल तर पत्र टपालाने जाईल. पाकिटावर पत्ता तुम्ही लिहा, पिनकोड मुलांकडून लिहून घ्या: सहा आकडे, मुंबईत सुरुवात ४०० ने. उजव्या कोपऱ्यात तिकीट लावायचे काम त्या दिवशी ज्याचे पत्र आहे त्यालाच द्या.