ईश्वरीबद्दल

१९ सप्टेंबर २०२५

श्री. सागर आणि सौ. वर्षाताई यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र बंद पाकिटात ईश्वरीच्या दप्तरात न ठेवता मुद्दाम तुमच्या हाती दिलं आहे. फोनवर सांगितलं असतं तर घाईत काहीतरी राहून गेलं असतं, आणि हे तुम्ही दोघांनी शांतपणे वाचावं असं मला वाटतं.

जुलैच्या पालकसभेत मी म्हणाले होते, "ईश्वरी हुशार आहे, पण लक्ष नसतं तिचं." ते माझं म्हणणं मी आज मागे घेते. तिचं लक्ष नसतं असं नाही, मधेच काही सेकंद ती तिथे नसतेच असं मला आता वाटू लागलंय.

गेल्या आठवड्यात वर्ग साताचा पाढा म्हणत होता. 'सात त्रिक एकवीस'ला ईश्वरी थांबली. नजर फळ्याच्या वर कुठेतरी स्थिर, पापण्या हलकेच फडफडत होत्या. बाकीची मुलं 'साती साती'पर्यंत पोचली आणि ही मोठ्यानं म्हणाली, "सात चोक अठ्ठावीस." पोरं हसली. ती का हसतायत ते तिला कळलंच नाही. तिच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ पाहून मला माझीच लाज वाटली, कारण अशाच वेळी मी तिला दोनदा उभं केलं होतं.

त्या दिवसापासून मी वहीत टिपून ठेवते आहे. नऊ दिवसांत माझ्या नजरेला आले ते तेवीस प्रसंग. सुटले असतील ते वेगळेच. प्रत्येक वेळी साधारण पाच ते पंधरा सेकंद. अचानक सुरू होतं, अचानक संपतं, आणि नंतर ती झोपाळल्यासारखी वगैरे दिसत नाही. हातातलं काम होतं तिथून पुढे सुरू करते. दोनदा ओठ चाटल्यासारखे हलले. एरवी तंद्री लागलेल्या मुलाला हाक मारली, खांद्याला हात लावला की ते भानावर येतं. ईश्वरीला मी अगदी जवळ जाऊन हाक मारली, खांदा हलवला, तरी ती आली नाही. आपल्या वेळेनंच आली. तिची शुद्धलेखनाची वही सोबत देते आहे. ओळीत मधले शब्द गळालेत, आणि १२ तारखेच्या पानावर पेन्सिलीची रेघ कशी खाली घसरत गेलीय ते बघा.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे अमुकच आहे असं मी म्हणणार नाही. पण लहान मुलांमध्ये फीटचा एक प्रकार असतो, 'अ‍ॅबसेन्स सीझर'. त्यात हातपाय झटकत नाहीत, फेस येत नाही, मूल पडत नाही, फक्त काही क्षण हरवतं. साधारण चार ते दहा वर्षांच्या मुलांत तो सुरू होतो आणि दिवसातून कितीतरी वेळा होऊ शकतो. घरात धांदलीत तो लक्षातही येत नाही. तो असेल तर औषधानं बहुतेक मुलांत आटोक्यात येतो, आणि अनेकांचा मोठेपणी थांबतोही.

म्हणून विनंती, तिला लवकरात लवकर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते गरज वाटल्यास मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवतील आणि ईईजी काढायला सांगतील. ईईजीत डोक्याला तारा चिकटवून मेंदूच्या लहरींची नोंद घेतात. सुई नाही, शॉक नाही, दुखत नाही. तपासताना डॉक्टर तिला जोरजोरात श्वास घ्यायला लावतील, त्यानं असा प्रसंग कधीकधी समोरच घडतो. घरी तुम्ही हे करून बघू नका. घरी आपोआप काही दिसलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. माझ्या नोंदींची झेरॉक्स पाकिटात आहे, तीही न्या. साताऱ्याला जायचं ठरलं तर हजेरीची काळजी नको.

तोवर विहिरीवर पोहायला पाठवू नका, रस्त्यावर सायकल नको, आणि अंघोळीला किंवा चुलीजवळ कुणीतरी आसपास असावं. एखादा प्रसंग पाच मिनिटांच्या वर चालला किंवा अंगाला झटके आले तर न थांबता १०८ ला फोन करा. कांदा-चप्पल हुंगवणं, तोंडात चमचा घालणं असलं काही कुणाला करू देऊ नका, आजीलाही नाही. बाकी शाळा, खेळ, कवायत सगळं चालू राहू द्या.

वर्षाताई, मुलीचं नाव असल्या आजाराशी जोडलं जाईल याची धास्ती तुम्हाला वाटेल, हे मी जाणते. हेडमास्तर आणि मी सोडून शाळेत कुणालाही हे माहीत नाही. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येईल तेव्हा त्यांना सांगायचं की नाही, हेही तुम्हीच ठरवा.

ईश्वरीला मी पुढच्या बाकावर घेतलंय. तिला एवढंच म्हणाले, "मला तुझं अक्षर बघायचंय जवळून." मधे काही सुटलं तर मी पुन्हा सांगते, आणि आता कुणी हसत नाही. सोमवारी किंवा मंगळवारी शाळा सुटल्यावर याल का? शेतावरून यायला उशीर झाला तरी चालेल, मी सहापर्यंत थांबेन.

आपली,
सुनीता बाई
वर्गशिक्षिका, इयत्ता तिसरी