पीएच.डी. मौखिक परीक्षा : तारीख, प्रवास आणि प्रबंधाची प्रत

कोल्हापूर
२० नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

काल फोनवर बोलताना तुम्ही प्रवासात होता आणि मधेच रेंज गेली. त्यामुळे जे ठरवायचं होतं ते अर्धवटच राहिलं. सगळं एकदाच लिहून पाठवते, म्हणजे पणजीला पोचल्यावर निवांत बघता येईल.

सारिकाच्या ‘चंदगडी बोली : एक वर्णनात्मक अभ्यास’ या प्रबंधावरचे दोन्ही अहवाल आमच्या पीएच.डी. कक्षाकडे आले आहेत आणि दोन्ही अनुकूल आहेत. तुमच्या अहवालातल्या दुरुस्त्या तिने केल्या, मी त्या ताडून पाहिल्या. आता खुली मौखिक परीक्षा तेवढी राहिली. दोन बहिःस्थ परीक्षकांपैकी एकाने ती घ्यायची असते. बोलीचा विषय, शिवाय कोकणीशी असलेला तिचा शेजार, म्हणून ते तुम्हीच असावं असं मला पहिल्यापासून वाटत होतं. कक्षानेही तुमचंच नाव कळवलं आहे.

तारखा तीन सुचवते : मंगळवार ९ डिसेंबर, शुक्रवार १२ डिसेंबर किंवा मंगळवार १६ डिसेंबर. तिन्ही दिवशी वेळ सकाळी ११. पहिला आठवडा मुद्दामच टाळला. ३ तारखेला तुमच्याकडे जुन्या गोव्याचं फेस्त आणि ४ तारखेला आमच्याकडे दत्तजयंती, त्या दिवशी नरसोबावाडीच्या गर्दीत विभागातले निम्मे लोक असतात. १९ तारखेला तुमचा मुक्तिदिन, त्याला जोडून कुणी सुट्टी काढत असेल तर १८ पण गेलीच. मला विचाराल तर १२ तारीख सगळ्यांत सोयीची. खुल्या मौखिकीची सूचना किमान आठ दिवस आधी लावावी लागते, त्यामुळे ९ तारीख हवी असेल तर तुमचा होकार २८ नोव्हेंबरपर्यंत हवा. बाकीच्या दोन तारखांसाठी २ डिसेंबरपर्यंत कळवलंत तरी चालेल.

जानेवारीवर ढकलू नये, एवढी मात्र विनंती. प्रबंध १८ जुलैला सादर झाला. मूल्यमापन सहा महिन्यांत पुरं व्हावं असं यूजीसीचे २०२२ चे विनियम म्हणतात, म्हणजे जानेवारीच्या मध्यापर्यंतच वेळ आहे. मला त्याहून मोठी काळजी दुसरीच आहे. सारिका गडहिंग्लजला तासिका तत्त्वावर शिकवते. जानेवारीत एका ठिकाणी मुलाखत आहे आणि हातात प्रोव्हिजनल सर्टिफिकेट असेल तर तिचा अर्ज उभा राहतो, नाहीतर पुन्हा एक वर्ष.

परीक्षा ऑनलाइन घेता येते, नियमात तशी मुभा आहे. तुम्हाला येणं खरंच अशक्य असेल तर आपण तसं करू. पण अहवालात तुमची मुख्य शंका अनुनासिक स्वरांबद्दल आहे आणि त्यासाठी तिने ध्वनिमुद्रणं आणायची ठरवली आहेत. ती लॅपटॉपच्या स्पीकरमधून, तीही नेटवरून ऐकवायची, म्हणजे नाकातला स्वर कोणता आणि नेटचा घोळ कोणता हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही! विभागाच्या सभागृहातले स्पीकर चांगले आहेत. प्रत्यक्ष ऐकलंत तर पाच मिनिटांत निकाल लागेल.

परीक्षेचं स्वरूप तुम्हाला नवं नाही. आधी सारिका २५ मिनिटं सादरीकरण करेल, त्यात सहा-सात मिनिटं ध्वनिमुद्रणांना. मग तुमचे प्रश्न, त्याला वेळेचं बंधन नाही. त्यानंतर सभागृहातले प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी विचारतील. दुसऱ्या परीक्षकांचे तीन प्रश्न अहवालातून आले आहेत, ते मी वाचून दाखवेन. शेवटी सगळ्यांना बाहेर पाठवून आपण दोघं आणि विभागप्रमुख बसू आणि अहवालावर सह्या करू. दुपारी दीडपर्यंत मोकळे होऊ असा अंदाज आहे.

प्रबंधाच्या प्रतीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण गोंधळ व्हायची जागा तीच आहे. तुमच्याकडे आहे ती जुलैची ३४२ पानांची सॉफ्ट बाइंडिंगची प्रत. दुरुस्तीनंतर पानं ३५१ झाली. तालुक्याचा नकाशा नव्याने काढला आणि परिशिष्टातल्या शब्दसूचीचे क्रमांक मजकुरातल्या क्रमांकांशी जुळवले. त्यामुळे तुमच्या अहवालातले पृष्ठक्रमांक नव्या प्रतीत ९६ पर्यंत तसेच आहेत, पुढे सरकले आहेत. जुनं पान, नवं पान आणि केलेली दुरुस्ती असा दोन पानी तक्ता तिने केला आहे. नवी प्रत आणि हा तक्ता सोमवारी स्पीड पोस्टने तुमच्या विभागाच्या पत्त्यावर पाठवते, पीडीएफ आजच्या ईमेलसोबत आहेच. येताना जुनी प्रत आणलीत तर बरं, तुमच्या समासातल्या खुणा त्यातच असणार. नवी प्रत तुमच्याकडेच ठेवा. काळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या प्रती परीक्षेनंतरच बांधायच्या असं मी तिला सांगितलं आहे. तुम्ही आणखी काही सुचवलंत तर पुन्हा उसवायला नको. शोधगंगेवर जाईल तीही तीच अंतिम प्रत.

प्रवासाचं म्हणाल तर गोव्याहून कोल्हापूरला थेट रेल्वे नाही. गोवा एक्सप्रेसने मिरजेपर्यंत येता येतं, पण ती उशिरा पोचते आणि पुढे पुन्हा गाडी करावी लागते. स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने येणं सोपं. आंबोलीवरून किंवा चोर्ल्यातून बेळगावमार्गे, कसंही आलात तरी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. तिसरा रस्ता दोडामार्ग-तिलारी-चंदगड असा, त्या वाटेने आलात तर अख्खा प्रबंधच गाडीच्या खिडकीतून दिसेल. पण तिलारीचा घाट फार खडा, ड्रायव्हर सवयीचा असेल तरच. आदल्या दिवशी उजेडात निघा. विद्यापीठ कागलच्या बाजूलाच आहे, शहरात शिरावं लागत नाही. अतिथिगृहात दोन रात्रींसाठी खोली धरून ठेवली आहे, तारीख ठरली की पक्की करते.

प्रवासभत्ता आणि मानधन बँकेत जमा होतं. त्यासाठी पॅनची छायाप्रत, एक रद्द केलेला धनादेश, टोलच्या मूळ पावत्या आणि गाडीचा नंबर लागेल. बसने आलात तर तिकीट जपून ठेवा, लेखा विभाग तिकिटाचा फोटो चालवून घेत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. शाल, श्रीफळ, हॉटेलातलं जेवण हे सगळं उमेदवाराने करायचं, अशी रीत बऱ्याच ठिकाणी पडून गेली आहे. मी माझ्या विद्यार्थ्यांना ते करू देत नाही. सारिकाने विचारलं तर तुम्हीही नाहीच म्हणा. दुपारचं जेवण माझ्या घरी, विभागातले चार-पाच जण असतील. तुम्ही शुक्रवार पाळता का तेवढं कळवा, म्हणजे तांबडा-पांढरा करायचा की पिठलं-भाकरी ते ठरवते.

तारीख फोनवर सांगितलीत तरी एक ओळ ईमेलवर नक्की टाका. कक्षाला कागदावर दाखवावं लागतं.

आपली,
सुनंदा
संशोधन मार्गदर्शक, मराठी विभाग

सोबत : दुरुस्त प्रबंधाची पीडीएफ, दुरुस्त्यांचा तक्ता, प्रवासभत्त्याचा फॉर्म