शेजारच्या चाचा-चाचींना ईदच्या शुभेच्छा

आदरणीय चाचा आणि चाची,

सलाम. तुम्हाला आणि घरातल्या सगळ्यांना रमजान ईदच्या मनापासून शुभेच्छा. ईद मुबारक!

महिनाभर पहाटे तुमच्या स्वयंपाकघरातला दिवा लागला की सहरीची वेळ झाली, हे आम्हाला अंथरुणातूनच कळायचं. एवढ्या कडक उन्हात, या वयात चाचांनी सगळे रोजे धरले आणि रात्री तरावीहलाही जात राहिले, याचं आम्हाला फार कौतुक वाटतं. अल्लाह तुमचे रोजे आणि तुमच्या दुआ कबूल करो.

चाची, एक गोष्ट बोलायची राहून गेली होती. मागच्या पावसाळ्यात आई दवाखान्यात होती, तेव्हा मुलांचं जेवणखाण, शाळेची तयारी, सगळं तुम्ही न सांगता अंगावर घेतलंत. धाकटीची वेणीसुद्धा रोज तुम्हीच घालून द्यायचात. ती अजून म्हणते, "चाचीसारखी घट्ट घाल." नातेवाईक लांब असतात, पण तुम्ही भिंतीपलीकडे आहात, याचा आम्हाला केवढा आधार आहे!

आई आता बरी आहे. नमाज आणि घरच्या भेटीगाठी आटोपल्या की संध्याकाळी तिला घेऊन आम्ही सगळे तुम्हाला भेटायला येतो. शीरखुर्मा तेवढा राखून ठेवा. मुलांनी ईदीचा विषय कालपासूनच काढलाय, चाचांनी फार लाड करू नयेत!

दोघांनाही उदंड आयुष्य आणि चांगली तब्येत लाभो.

तुमचे,
शेजारच्या घरातले आम्ही सगळे