तुझा फॉन्ट पाहिला, मोकळेपणाने सांगते

प्रिंट काढून 12 आणि 48 पॉइंटला दोन्हीकडे पाहिलं. काना आणि क, फ चं वळण खूप छान जमलंय, तिथे हात लावू नकोस.

स्पेसिंगचं मात्र परत बघ. 'रवा' टाइप केलं तर 12 पॉइंटला चक्क 'खा' वाचलं जातंय, कारण र ची उजवी बाजू फार आवळलीयेस, आणि उलट ग, ण, श मध्ये आतच एवढी हवा आहे की शब्द मधूनच तुटतो, त्यामुळे अक्षरांमधल्या अंतराचे आकडे सारखे ठेवण्यापेक्षा डोळ्याला दिसणारी पांढरी जागा सारखी कर.

मात्रांची उंची: 'के' ची मात्रा जिथे संपते त्याच्या बरीच वर 'की' ची वेलांटी जाते, 'कै' तर आणखी वर. एक वरची रेघ ठरव. र्‍हस्व वेलांटी 'स्थि' मध्ये दांड्यापर्यंत पोचतच नाही, रुंद जोडाक्षरांसाठी तिचे वेगळे रुंद आकार लागतीलच.

जोडाक्षरांत 'द्ध' आणि 'द्य' बारीक झालेत, नुसते स्केल केलेले वाटतात, जाडी हाताने दुरुस्त कर. आणि 'वाऱ्या', 'तऱ्हा' मधला अर्धा र रफार होऊन वर गेलाय, मराठीत हे अजिबात चालणार नाही, आधी तेच कर.