चहावही : टेबल 7

चहा-नाश्त्याच्या बिलाचे गुण वहीत मांडा. 40 गुण झाले की चहा आमच्याकडून.

फोनचा कॅमेरा उघडा आणि शेजारच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावर धरा. स्क्रीनवर जी लिंक येईल तिच्यावर बोट ठेवा. व्हॉट्सअॅप उघडेल आणि त्यात `JOIN 7` हा मेसेज आधीच लिहिलेला असेल. तो पाठवा. आम्ही नाव विचारू, ते मराठीत लिहा नाहीतर इंग्रजीत, दोन्ही चालतं. नाव पाठवलं की तुमची वही उघडली.

पैसे लागत नाहीत. वेगळं अॅप घ्यावं लागत नाही. आज नाव घातलंत तर आजच्याच बिलावर 20 गुण जास्तीचे मिळतात, पण बिल निघायच्या आधी नाव घाला. ऑर्डर यायला वेळ आहे तोवर उरकून घ्या.

चहा पुढ्यात आला असेल तर आधी तो गरम गरम प्या. वही बिलाच्या वेळी काउंटरवरही उघडता येते.

या चौकोनातून पैसे जात नाहीत

बिलाचे पैसे देण्याचा क्यूआर फक्त काउंटरवर आहे. टेबलवरचा क्यूआर चहावहीचा आहे. तो पैसे पाठवायच्या अॅपमधून स्कॅन केलात तर ‘चुकीचा क्यूआर’ असं काहीतरी दिसेल, कारण त्यात बँकेचा पत्ताच नाही. त्या अॅपमधून बाहेर या आणि फोनचा साधा कॅमेरा वापरा. कॅमेऱ्यात लिंक येत नसेल तर गूगल लेन्सने बघा.

वही उघडताना आम्ही यूपीआय पिन, ओटीपी, आधार किंवा कार्डाचा नंबर विचारत नाही. गुण मिळवायलाही कधी पिन लागत नाही. यूपीआय पिन पैसे पाठवायला लागतो, पैसे मिळवायला कधीच लागत नाही. स्कॅन केल्यावर पिनचा रकाना दिसला तर तिथेच थांबा आणि आम्हाला हाक मारा.

एकदा कार्डावरून बोटही फिरवून बघा. आमचा चौकोन कार्डासोबतच छापलेला आहे, त्याची कड नखाला लागत नाही. वरून चिकटवलेला कागद हाताला जाणवला तर स्कॅन करू नका, कार्ड तसंच काउंटरवर आणून द्या.

गुण कसे मोजतो

दर 10 रुपयांना 1 गुण. मोजणी जीएसटी लावण्याआधीच्या रकमेवर होते. वरचे सुटे रुपये त्या बिलापुरते सोडून देतो, म्हणजे 167 रुपयांना 16 गुण.

समजा तुम्ही दोघं आलात. एक सुशीला 40 रुपये, एक निलंगा राईस 80 रुपये, दोन चहा 40 रुपये. बेरीज 160. त्यावर 5 टक्के जीएसटी 8 रुपये, म्हणजे द्यायचे 168. गुण 160 वर मिळतात, 16. आज नाव घातल्याचे 20 धरून वहीत 36 झाले. पुढच्या वेळी 40 रुपयांचं काही घेतलंत की 40 पूर्ण, आणि पहिला चहा तुमचा.

40 गुणांना एक चहा. 100 गुणांना एक कोल्ड कॉफी. 150 गुणांना धपाट्यांची प्लेट: दोन धपाटे, वाटीभर दही आणि शेंगदाण्याचा ठेचा. रोज चहाच घेणाऱ्यांनी 40 ला 40 वापरत राहावं. अधूनमधून पोटभर खायला येत असाल तर 150 पर्यंत थांबा, कारण गुणामागे जास्त मोल धपाट्यांनाच मिळतं. चहा 20 रुपयांचा आहे आणि प्लेट 110 ची.

गुण आपोआप कापत नाही. बिल करायच्या आधी ‘वहीतला चहा लावा’ एवढं काउंटरवर सांगा. बिल छापल्यावर सांगितलंत तर ते रद्द करून नवीन काढावं लागतं आणि मागची रांग खोळंबते.

पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा यांवर गुण नाहीत, त्या वस्तू छापील किमतीलाच देतो. घरपोच अॅपवरून मागवलेल्या ऑर्डरवरही गुण बसत नाहीत, कारण त्या ऑर्डरीसोबत तुमचा नंबर आमच्याकडे येत नाही. पार्सल मात्र इथे येऊन नेलंत की टेबलावरच्या बिलासारखेच गुण मिळतात.

एका बिलाचे गुण एकाच नंबरवर जमा होतात. पाच-सहा जण बसला असाल आणि प्रत्येकाला आपापले गुण हवे असतील, तर ऑर्डर देतानाच बिलं वेगळी करायला सांगा. नंतर गुण वाटून देता येत नाहीत.

हॉस्टेलच्या मुलामुलींसाठी

ट्यूशनला आलेल्या बऱ्याच जणांकडे साधा बटणांचा फोन असतो, काहींकडे तोही नसतो. तुमचीही वही निघते. काउंटरवर नंबर सांगा, आम्ही तिथेच नोंद करतो. जमा झालेले गुण बिलाच्या तळाशी छापून येतात, ते बघायला इंटरनेट लागत नाही. पुढच्या वेळी गुण जमा करायला नंबर तोंडी सांगितला तरी पुरतो.

18 वर्षं पूर्ण नसतील तर वही आई-वडिलांच्या किंवा पालकांच्या नंबरवरच उघडते. त्या नंबरवर आमचा मेसेज जाईल. पालकांनी ‘हो’ असं उत्तर पाठवलं की वही सुरू होते, तोवर नाही. एक गोष्ट आधीच सांगतो: दर बिलाचा मेसेज त्या नंबरवर जातो, म्हणजे काय खाल्लं आणि किती झाले ते घरी दिसतं. पालकांना तो मेसेज नको असेल तर तो त्यांनीच बंद करायचा, तुमच्या सांगण्यावरून आम्ही बंद करत नाही.

रविवारी औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूरहून भेटायला येणाऱ्या आई-बाबांना: बसा निवांत. मुलाची वही तुमच्या नंबरवर असेल तर आजचं बिलही त्यातच घाला. त्याचे गुण त्याला आठवडाभर चहाला उपयोगी पडतील.

स्कॅन होत नसेल तर

बहुतेक वेळा अडचण प्रकाशाची असते. कार्डावर प्लास्टिक आहे, वरचा दिवा त्यात चमकतो आणि कॅमेऱ्याला चौकोनाचा एक भाग पांढराफटक दिसतो. कार्ड थोडं तिरकं करा आणि फोन वीतभर लांब धरा. फार जवळ नेलात तर चित्र धुरकट होतं. तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन आहेत ते पूर्ण दिसू द्या. मध्ये चहाचा थेंब पडला असेल तर बहुधा चालून जातं, पण कोपऱ्यातला एक जरी चौकोन बोटाखाली किंवा बशीखाली झाकला गेला तर फोनला क्यूआर सापडतच नाही. फोनच्या लेन्सवर तेलाची बोटं लागली असतील तर रुमालाने पुसा, भजी खाताना हे हटकून होतं.

मेसेज पाठवला पण त्यापुढे घड्याळाचं चिन्ह दिसतंय, म्हणजे नेट नाही. भिंतीकडच्या टेबलांवर रेंज कमी येते. मेसेज पुसू नका, रेंज आली की आपोआप जाईल. तेवढ्यात बिल निघालं तर बिल जपून ठेवा. 48 तासांच्या आत त्याचा फोटो त्याच व्हॉट्सअॅपवर पाठवलात तर त्या बिलाचे गुण आणि सुरुवातीचे 20 दोन्ही लावतो. फोटोत बिल क्रमांक आणि तारीख नीट दिसली पाहिजे.

लाईट गेली तर छपाईचं मशीन बंद पडतं आणि आम्ही हाताने बिल लिहितो. त्यावर तुमचा नंबर लिहून घ्यायला सांगा. गुण दुसऱ्या दिवशी सकाळी 10 पर्यंत वहीत येतात.

नंबर बदलला असेल तर जुन्या नंबरचं नाव आणि शेवटच्या बिलाची साधारण रक्कम सांगा, गुण नवीन नंबरवर आणून देतो. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्या कुणाला देऊ शकते, म्हणून नुसत्या नंबरवर आम्ही गुण वापरू देत नाही, नावही जुळावं लागतं.

तुमचा नंबर आमच्याकडे

बिलासाठी मोबाइल नंबर देणं सक्तीचं नाही. वही नको असेल तर नंबर सांगू नका, सेवा तीच आणि भावही तोच.

वहीसाठी आम्ही नाव आणि नंबर घेतो. वाढदिवसाची तारीख आणि महिना सांगितलात तर त्या दिवशीच्या बिलासोबत कुंथलगिरीच्या खव्याचे दोन पेढे देतो. जन्माचं वर्ष विचारत नाही, वाढदिवस सांगायलाच हवा असंही नाही. नंबर दुसऱ्या दुकानाला, क्लासला किंवा जाहिरातवाल्यांना देत नाही. ट्यूशन एरियात नंबरांची यादी मागणारे खूप फिरतात, म्हणून हे मुद्दाम छापलं आहे.

बिलाचा मेसेज सोडून महिन्यात जास्तीत जास्त दोन मेसेज येतील. तेही नको असतील तर `STOP` पाठवा. मेसेज थांबतात, गुण राहतात. वहीच बंद करायची असेल तर `DELETE` पाठवा. सात दिवसांत नाव, नंबर आणि वाढदिवस पुसतो. उरलेले गुणही तेव्हाच जातात, म्हणून आधी ते वापरून घ्या. बिलं मात्र कराच्या हिशेबासाठी आम्हाला ठेवावी लागतात, त्यांवर तुमचं नाव राहत नाही.

शेवटच्या बिलापासून 12 महिने आला नाहीत तर गुण संपतात. त्याच्या 30 दिवस आधी एक मेसेज येतो. परीक्षा संपवून गावी जाणाऱ्यांनी जाण्याआधी गुण वापरून टाकावेत. गुणांचे रोख पैसे मिळत नाहीत.

भाव किंवा गुणांचा हिशेब बदलला तर 15 दिवस आधी वहीवर कळवू. जमलेले गुण त्या 15 दिवसांत जुन्याच दराने वापरता येतील.

गुण कमी दिसत असतील तर बिल घेऊन काउंटरवर या. सकाळी 7 ते रात्री 9 कुणीतरी असतंच, तुमच्यासमोर वही उघडून मोजून देऊ.