दिवाळीच्या घाऊक ऑर्डर आजपासून सुरू: कमीत कमी 25 बॉक्स, शेवटची तारीख 9 ऑक्टोबर

नमस्कार नाशिककर! 🪔

आज घटस्थापना. सकाळी भट्टीची पूजा झाली, घट बसले आणि पहिली कढई चढली. म्हणजे आमच्याकडे दिवाळी लागली. कंपन्या, दवाखाने, शाळा, पतसंस्था, सोसायट्या, सीए आणि वकिलांची ऑफिसं, सगळ्यांच्या दिवाळी भेटीच्या ऑर्डर आजपासून घेतोय. एचआर मॅडम, पर्चेसवाले साहेब, पतसंस्थेचे सचिव, हे सगळं तुमच्यासाठीच लिहिलंय. थोडं मोठं आहे, पण शेवटपर्यंत वाचा, म्हणजे ऐन वेळी फोनाफोनी होणार नाही.

आधी एक चांगली बातमी. आजपासून, म्हणजे 22 सप्टेंबर 2025 पासून, पॅक केलेल्या नमकीनवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आलाय. मिठाईवर तो आधीपासून 5 टक्केच होता. त्यामुळे चकली आणि चिवडा असलेल्या बॉक्सचे दर आम्ही आजच कमी केलेत. खालचे सगळे दर जीएसटी धरून आहेत, बिलात वर काही चढणार नाही.

यंदा चार बॉक्स आहेत. सर्वांत जास्त जातो तो फराळ बॉक्स, 480 रुपये. त्यात भाजणीची चकली 200 ग्रॅम, पातळ पोह्यांचा चिवडा 200 ग्रॅम, शंकरपाळी 150 ग्रॅम आणि बेसनाचे 6 लाडू, असं साधारण 800 ग्रॅम भरतं. नुसती काजूकतली हवी असेल तर अर्ध्या किलोचा बॉक्स 590 ला. बजेट कमी असेल, माणसं जास्त असतील, तर पाव किलो बेसन लाडूचा छोटा बॉक्स 190 ला. सोसायटीचे वॉचमन, हाउसकीपिंगच्या मावशी, कंत्राटी कामगार यांच्यासाठी बरेच जण हाच घेतात. तूप त्यातही तेच आणि लाडूही त्याच कढईतले. स्वस्त बॉक्सला वेगळा माल, असलं आमच्याकडे चालत नाही. चौथा मानाचा बॉक्स, 890 रुपये: पाव किलो काजूकतली, 6 बेसन लाडू, 200 ग्रॅम चकली आणि 150 ग्रॅम बदाम-बेदाणे. मोठे ग्राहक, डीलर, डॉक्टर यांना द्यायला हा शोभतो.

पेढे आणि मावा बर्फी घाऊक ऑर्डरमध्ये का नाही, असं दर वर्षी कोणीतरी विचारतंच. मावा तीन-चार दिवसांचा सोबती. तुमच्याकडे बॉक्स सोमवारी येणार, वाटप शुक्रवारी होणार, कामगार तो पिशवीत घालून एसटीने धुळ्याला किंवा जळगावला नेणार आणि घरच्यांसमोर उघडणार लक्ष्मीपूजनाला. तोवर पेढ्याचं काय झालेलं असेल, हे तुम्हालाही कळतं. म्हणून घाऊकमध्ये टिकणारेच पदार्थ. बॉक्सवर पॅकिंगची तारीख आणि त्यापुढे 15 दिवसांची मुदत छापलेली असते. पेढे दुकानात रोज ताजे आहेतच, घरच्या पूजेला ते न्या.

आता कमीत कमी किती. तयार बॉक्स 25 पासून. चारही प्रकार मिळून 25 झाले तरी चालतात, पण एका प्रकारचे निदान 5 हवेत. बॉक्सभोवती कंपनीचं नाव आणि लोगो छापलेली पट्टी हवी असेल तर 50 पासून. पूर्ण बॉक्सच तुमच्या रंगात छापून हवा असेल तर 200 पासून, कारण त्याहून कमी छापायचं म्हटलं की एका बॉक्सची छपाई लाडवांपेक्षा महाग पडते आणि तो पैसा आम्हाला तुमच्याकडून घ्यावासा वाटत नाही. तुमचे 10-15च बॉक्स असतील तरी परत पाठवणार नाही. ते दुकानाच्या दराने, तयार बॉक्समध्ये, सुंदर बांधून देऊ.

100 बॉक्सच्या वर 4 टक्के आणि 300 च्या वर 7 टक्के सूट. यापुढे घासाघीस करू नका ही हात जोडून विनंती. दर खाली आणायचा तर तुपात हात आखडावा लागेल.

तुमच्या आवडीप्रमाणे काय काय बदलता येतं? बरंच. फराळ बॉक्समध्ये शंकरपाळीऐवजी करंजी, चकलीऐवजी कडबोळी. जैन मंडळींसाठी लसूण नसलेला चिवडा, तो वेगळ्या कढईत आणि दिवसातल्या पहिल्या तेलात होतो. अशा बॉक्सवर हिरवी फीत असते, म्हणजे वाटताना गोंधळ होत नाही. साखर न घालता केलेली खजूर-अंजीर बर्फीही आहे. पण ती ‘शुगर फ्री’ म्हणून आम्ही विकत नाही. खजुरातच भरपूर साखर असते, मधुमेह असलेल्यांनी ती जपूनच खायची. तुमच्या यादीत कोणाला शेंगदाणे किंवा सुक्या मेव्याचं वावडं असेल तर आधी सांगा. सगळे पदार्थ एकाच कारखान्यात होतात, त्यामुळे ‘अजिबात अंश नाही’ असा शब्द आम्ही देणार नाही. अशा माणसाला खाण्याऐवजी दुसरी भेट द्या.

बॉक्ससोबत मातीच्या दोन पणत्या 20 रुपयांत देता येतील. त्याहून चांगलं काही हवं असेल तर आपल्या भांडी बाजारातलं छोटं पितळी निरांजन, 85 रुपये, 50 पासून पुढे. आधी आम्ही मेणाच्या सुगंधी पणत्या ठेवायचो. दोन वर्षांपासून बंद केल्या, कारण त्यांचा वास लाडवांना लागत होता. निरांजन वर्षानुवर्षं देवघरात राहतं. नाशिकच्या कंपनीने नाशिकचं पितळ द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

शुभेच्छापत्र फुकट, मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत. मजकूर तुमचा असेल तर उत्तम, नसेल तर आम्ही सुचवू. प्रत्येक बॉक्सवर त्या त्या माणसाचं नावही छापून देतो, नगामागे 6 रुपये. यादी एक्सेलमध्ये द्या आणि पाठवण्याआधी एकदा डोळ्यांखालून घाला. गेल्या वर्षी एका यादीत ‘सुमन’चं ‘सुमंत’ झालं होतं. बॉक्स भरणाऱ्या आमच्या ताईंनी ते पाहिलं, कारण पुढच्या रकान्यात ‘श्रीमती’ होतं. फोन करून विचारलं आणि दुरुस्त केलं. 22 वर्षं एका कंपनीत काम केलेल्या बाईला दिवाळीला चुकीच्या नावाचा बॉक्स गेला असता तर काय वाटलं असतं! लोगोची फाईल सीडीआर किंवा पीडीएफमध्ये हवी. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो छपाईत फाटतो.

आता तारखा. छपाईचं जे जे आहे, म्हणजे पट्टी, रंगीत बॉक्स, नावं, त्याची ऑर्डर आणि मंजूर केलेलं डिझाइन मंगळवार, 30 सप्टेंबरच्या संध्याकाळी 6 पर्यंत. दसऱ्याला प्रेस बंद असतो, त्यानंतर त्यांच्याकडे रांग लागते. तयार बॉक्सची शेवटची तारीख गुरुवार, 9 ऑक्टोबर, संध्याकाळी 6. पोचवणं सोमवार, 13 ऑक्टोबर ते शनिवार, 18 ऑक्टोबर. शनिवारी धनत्रयोदशी आहे, त्या दिवशी दुपारी 1 नंतर आमचा टेम्पो निघत नाही. यंदा लक्ष्मीपूजन मंगळवारी, 21 तारखेला आहे, पण बाहेरगावचे लोक आदल्या शुक्रवार-शनिवारीच निघतील. वाटप वसुबारसेच्या आत, म्हणजे 16 तारखेपर्यंत उरका, असं आमचं सांगणं आहे.

9 तारीख का, 12 का नाही? बेसन मंद आचेवर तुपात पाऊण तास भाजावं लागतं. आधी ते घट्ट असतं, झारा ओढताना हात भरून येतो. मग हळूहळू तूप सुटतं, बेसन हलकं होतं, झारा आपसूक फिरायला लागतो आणि खमंग वास पार रस्त्यापर्यंत जातो. त्यावर दुधाचा हबका मारला की ते फसफसून रवाळ होतं. हे घाईत होत नाही, आच वाढवली की वरून लाल आणि आतून कच्चं. वळलेले लाडू रात्रभर परातीत निवायला हवेत. कोमट लाडू बॉक्समध्ये भरला तर झाकणाला आतून वाफ धरते आणि चार दिवसांत बुरशी. त्यामुळे दिवसाला 700 च्या वर बॉक्स आम्ही भरत नाही. सहा दिवसांचे 4,200. तेवढे नोंदले गेले की 9 तारखेच्या आधीही बुकिंग बंद होईल.

एकदा हा नियम आम्हीच मोडला. तीन वर्षांपूर्वी ओळखीतून, तारीख उलटून गेल्यावर, 180 बॉक्सची ऑर्डर घेतली. धनत्रयोदशीला दुपारी देतो म्हणालो. टेम्पो गेटवर पोचला साडेपाचला. पहिली पाळी 3 ला सुटली होती, निम्म्याहून जास्त माणसं गावाकडे निघाली होती. 112 बॉक्स सिक्युरिटीच्या खोलीत राहिले आणि भाऊबीजेनंतर वाटले गेले. कंपनीने पैसे पूर्ण दिले, एका शब्दाने बोलले नाहीत. पण ती भेट त्या घरांत दिवाळीला पोचली नाही आणि चूक आमची होती. तेव्हापासून तारखेनंतर कोणाचीच ऑर्डर घेत नाही, नातेवाइकांचीही नाही.

सातपूर, अंबड, गोंदे, दिंडोरी आणि सिन्नरला 100 बॉक्सच्या वर पोच मोफत. त्याहून कमी असतील तर शहरात 300, बाहेर 700 रुपये. पुण्या-मुंबईला एकाच पत्त्यावर 150 च्या वर असतील तर आमचा टेम्पो जातो, भाडं आधी ठरवून. घरोघरी कुरियर करायचं असेल तर फक्त काजूकतली आणि लाडू. चकलीचा चुरा पोचवायची आमची इच्छा नाही.

ऑर्डरसोबत निम्मी रक्कम, उरलेली माल निघायच्या आदल्या दिवशी. यूपीआय, एनईएफटी, चेक चालेल. पक्कं बिल तुमच्या जीएसटी नंबरसह मिळेल, मात्र भेट म्हणून वाटलेल्या मालावर इनपुट क्रेडिट मिळत नाही, अकाउंट्सला हे आधीच सांगून ठेवा. आकडा 9 तारखेपर्यंत दहा टक्के कमी-जास्त करता येईल.

आधी चव बघायची असेल तर कोणताही बॉक्स दुकानातून घेऊन जा. ऑर्डर दिलीत तर त्याचे पैसे बिलातून वजा. ऑफिसातल्या चार जणांना खायला द्या आणि मग ठरवा.

ऑर्डरसाठी प्रोफाइलवरच्या नंबरवर व्हॉट्सअॅप करा: कंपनीचं नाव, कोणता बॉक्स, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. सकाळी 10 ते रात्री 8 मध्ये उत्तर येईल. किंवा रविवार कारंजाला सरळ दुकानात या, या आठवड्यात दुपारनंतर बेसन भाजणं चालू असतं, कढई दाखवतो.

#दिवाळीभेट #कॉर्पोरेटगिफ्टिंग #नाशिक #दिवाळीफराळ #बेसनलाडू #सातपूर #अंबड #सिन्नर